देश चुकला की नेटवर्क दिसेनासं होतं

राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये ‘कंट्री’ किंवा ‘रीजन’ असा एक रकाना असतो. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड टाकून झाला की बहुतेक लोक त्याच्याकडे न बघता ‘सेव्ह’ दाबतात. भाषा किंवा घड्याळ ठरवण्यापुरता तो असेल, अशी समजूत असते. ती समजूत महागात पडते. राउटरने कोणत्या लहरींवर बोलायचं, किती जोरात बोलायचं आणि कोणत्या लहरी ऐकायच्याच नाहीत, हे तो रकाना ठरवतो. तिथे देश चुकीचा असेल, तर शेजारच्या खोलीत उत्तम चालू असलेलं नेटवर्क यादीत येत नाही. लपवलेलं नसतं, दूर नसतं, बंद नसतं. तरीही दिसत नाही. आणि ‘मी काही लहरी तपासल्याच नाहीत’ असं राउटर कुठेही सांगत नाही. माझं भांडण या न सांगण्याशी आहे.

कोथरूडमधल्या एका घरातली गोष्ट घ्या. हॉलमध्ये इंटरनेट कंपनीने बसवलेला राउटर. जुन्या बांधणीच्या जाड भिंती, त्यामुळे मागच्या खोलीत सिग्नल पोचत नाही. मुलगी अमेरिकेत असते. सुट्टीत येताना तिने तिथला जास्तीचा राउटर आणला आणि मागच्या खोलीत रिपीटर म्हणून लावून दिला. म्हणजे हा दुसरा राउटर हॉलमधल्या राउटरचा सिग्नल पकडतो आणि मागच्या खोलीत पुढे पाठवतो. छान चाललं होतं. मुलगी परत गेली, एके दिवशी वीज गेली, परत आली, आणि मागच्या खोलीतलं नेट बंद पडलं. घरातल्या काकांनी रिपीटरच्या पानावर जाऊन पुन्हा शोध घेतला. वरच्या मजल्यावरच्यांचं नेटवर्क यादीत होतं, समोरच्या इमारतीतलंही होतं, फक्त घरचं नव्हतं. त्याच खोलीत काकांच्या मोबाइलवर मात्र घरचं नेटवर्क दोन दांड्या दाखवत होतं.

बोलावलेल्या माणसाने रिपीटर बंद करून चालू केला, रीसेट केला, आणि निकाल दिला. ‘काका, हा गेला. नवीन घ्या.’

रिपीटर गेलेला नव्हता. त्याच्यात अमेरिका भरलेली होती, एवढंच.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायचे चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतराने आखलेले आहेत. चॅनेल १ चा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर, ६ चा २४३७ वर, ११ चा २४६२ वर आणि १३ चा २४७२ वर. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरायला खुला आहे, त्यामुळे इथले राउटर १ ते १३ असे सगळे चॅनेल वापरतात. अमेरिकेतला पट्टाही तिथेच संपतो. पण त्या रेषेच्या लगेच पलीकडे उपग्रह-फोनची सेवा चालते, आणि तिच्यात सांडणाऱ्या लहरींवर तिथे फार कडक मर्यादा आहे. वायफायचा एक चॅनेल साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. म्हणजे १३ क्रमांकाचा चॅनेल २४८२ पर्यंत, अगदी रेषेला खेटून जातो. तो तिथे वापरायचा तर ताकद खूप कमी करावी लागते. ती खटपट करण्यापेक्षा उत्पादकांनी अमेरिकेसाठीच्या राउटरमधून १२ आणि १३ काढूनच टाकले. म्हणून अमेरिकेत घेतलेला राउटर साधारणपणे ११ वर थांबतो.

आता वीज परत आल्यावर काय घडलं ते बघा. हॉलमधल्या राउटरचा चॅनेल ‘ऑटो’ वर होता. चालू होताना तो आजूबाजूची गर्दी तपासतो आणि त्याला मोकळा वाटेल तो चॅनेल धरतो. आधी त्याने ६ धरला होता. या वेळी १३ धरला. नियमाने अगदी योग्य. भारतातला राउटर, भारतातला चॅनेल. पण मागच्या खोलीतल्या राउटरच्या जगात १३ नावाचा चॅनेलच नाही.

इथे शोध म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला हवं. आपण ‘स्कॅन’ दाबतो तेव्हा यंत्र सगळी हवा एकदम ऐकत नाही. ते एका चॅनेलवर जातं, क्षणभर थांबतं, ऐकतं, मग पुढच्या चॅनेलवर जातं. प्रत्येक राउटर साधारण सेकंदाला दहा वेळा आपलं नाव, चॅनेल आणि इतर माहिती असलेला एक छोटा संदेश हवेत सोडतो. त्याला बीकन म्हणतात. शोधणारं यंत्र त्या त्या चॅनेलवर थांबून हे बीकन पकडतं, किंवा ‘इथे कोणी आहे का’ अशी हाक देऊन उत्तराची वाट बघतं. पण कोणकोणत्या चॅनेलवर जायचं, ती यादी त्याने स्वतः ठरवलेली नसते. ती देशाच्या रकान्यावरून येते. अमेरिकेच्या यादीत ११ नंतर काही नाही, म्हणून शोध ११ पाशी संपतो. १३ वर घरचा राउटर सेकंदाला दहा वेळा आपलं नाव घेत असतो आणि त्याच्याकडे कोणी जातच नाही. भिंत पातळ केली, अँटेना वाढवली, रिपीटर हॉलमध्ये आणून राउटरला चिकटवून ठेवला, तरी काही फरक पडणार नाही.

मग मोबाइलला ते नेटवर्क कसं दिसलं? मोबाइलमध्ये सिम असतं. टॉवर आपल्या ओळखीत देशाचा आकडा सांगतो, भारतासाठी तो ४०४ किंवा ४०५. मोबाइलला त्यावरून कळतं की आपण भारतात आहोत, आणि तो १३ पर्यंत ऐकतो. भिंतीला टेकून ठेवलेल्या रिपीटरला सिम नाही, टॉवर नाही. त्याला कारखान्यात जे सांगितलं तेच तो मानतो. त्यामुळे ‘मोबाइलवर दिसतं, रिपीटरवर दिसत नाही’ ही तक्रार ऐकली की पहिला संशय चॅनेलच्या यादीवर घ्यावा, यंत्रावर नाही.

त्या घरात खात्री करायला फार काही लागलं नाही. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये हॉलमधल्या राउटरचं पान उघडलं. पत्ता बहुतेक घरांत `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो, राउटरच्या खालच्या लेबलवर छापलेला सापडतो. वायरलेसच्या पानावर २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल ‘ऑटो’ लिहिला होता आणि शेजारी सध्याचा आकडा, १३. तो ‘ऑटो’ वरून ६ वर पक्का केला. राउटरने रेडिओ पुन्हा सुरू केला, घरातली सगळी यंत्रं थोडा वेळ तुटली आणि परत जोडली गेली. मग रिपीटरवर शोध घेतला. घरचं नेटवर्क यादीत सगळ्यात वर आलं. खात्रीसाठी चॅनेल परत १३ वर नेला, नेटवर्क गेलं. ६ वर आणला, आलं. यापेक्षा पक्का पुरावा नको. यंत्र बिघडलेलं असतं तर आकडा बदलल्याने ते सुधारलं नसतं.

काकांनी साहजिक प्रश्न विचारला. ‘मग त्या अमेरिकेच्या राउटरमध्येच देश भारत का नाही करत?’ कारण तिथे तो रकाना उघडत नाही. अमेरिकेत विकलेल्या राउटरमध्ये वापरणाऱ्याला देश निवडता येऊ नये, अशी तिथल्या एफसीसी या नियामक संस्थेची अट आहे. त्यामुळे तिकडच्या राउटरवर हा रकाना एक तर दिसतच नाही किंवा ‘युनायटेड स्टेट्स’ वर गोठलेला असतो. परदेशातून कोणी प्रेमाने राउटर आणून देणार असेल, तर हे आधी लक्षात घ्यावं. राउटर फुकट जात नाही, पण त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. मुख्य राउटर २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ किंवा ११ वर पक्का करायचा. हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत आणि सगळ्या देशांतल्या यंत्रांना ते ऐकू येतात. ‘ऑटो’ हा पर्याय अशा घरात ठेवायचा नाही. तो आज चालेल आणि पुढच्या वेळी वीज गेली की दगा देईल.

५ गिगाहर्ट्झमध्ये देशांचे तक्ते याहून जास्त वेगळे आहेत, त्यामुळे तिथे घोळही मोठा होतो. तिथले चॅनेल तीन गटांत पडतात. ३६ ते ६४ हा खालचा, १०० ते १४४ हा मधला, १४९ ते १६५ हा वरचा. मधला गट भारतात मोकळा झाला तो ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने. जपानमध्ये वरचा गट वायफायला नाही, कारण ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपास तिथल्या महामार्गांवरची टोलवसुली चालते. चीनमध्ये मधला गट नसतो. इंडोनेशियासाठीही बहुतेक राउटरांच्या तक्त्यात मधला गट नसतो.

इंडोनेशियाचं नाव मी मुद्दाम घेतलं. देशांची यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने असते आणि त्यात भारताच्या लगेच खाली इंडोनेशिया येतो. छोट्या पडद्यावर बोट जरा खाली सरकलं की झालं. जिथे दोन अक्षरी संकेत लिहावा लागतो तिथे भारत `IN` आणि इंडोनेशिया `ID`, हाही गोंधळ होतो. परिणाम कसा दिसतो? समजा मुख्य राउटर भारतावर आहे आणि त्याने ५ गिगाहर्ट्झमध्ये १०० चॅनेल धरला. दुसऱ्या मजल्यावरचा राउटर, जो त्याला जोडायचा आहे, चुकून इंडोनेशियावर आहे. दुसऱ्या राउटरच्या यादीत घरचं २.४ चं नेटवर्क दिसेल, ५ चं दिसणार नाही. लोक म्हणतील, ‘५ गिगाहर्ट्झ भिंतीतून जात नाही, त्याचं असंच असतं.’ ५ गिगाहर्ट्झ भिंतीत जास्त अडतं हे खरं आहे. म्हणूनच हा खोटा निष्कर्ष इतका सहज पचतो. दोन्ही राउटर एकाच टेबलावर ठेवून शोध घ्या. तरीही ५ चं नेटवर्क दिसलं नाही, तर भिंतीचा प्रश्न संपला.

आणखी एक जागा आहे जिथे माणूस फसतो. देश बरोबर निवडलेला असतो, भारतच, आणि तरीही मधल्या गटातलं नेटवर्क दिसत नाही. राउटर २०१८ च्या आधीचा असेल आणि त्याचं फर्मवेअर तेव्हापासून बदललेलं नसेल, तर त्याच्या पोटातला भारताचा तक्ता जुना आहे. त्या तक्त्यात १०० ते १४४ नाहीत. रकान्यात ‘इंडिया’ वाचून निर्धास्त होऊ नका, फर्मवेअरची तारीखही बघा. नवीन फर्मवेअर मिळत नसेल, तर मुख्य राउटर ३६ ते ४८ यांपैकी एका चॅनेलवर पक्का करणं हा सरळ उपाय आहे. हे चॅनेल बहुतेक देशांच्या तक्त्यांत असतात.

एक सावधगिरी इथेच सांगतो. मधल्या गटात आणि ५२ ते ६४ मध्ये अनेक तक्त्यांनुसार राउटरला आधी रडार आहे का ते तपासावं लागतं, कारण हवामानाचे काही रडार याच भागात चालतात. त्या तपासणीत राउटर निदान एक मिनिट गप्प राहून ऐकतो, मगच बोलायला लागतो. युरोपात हवामान-रडारच्या पट्ट्यात ही शांतता दहा मिनिटांची असते. म्हणून राउटर चालू केल्याबरोबर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसलं नाही आणि चहा होईपर्यंत दिसू लागलं, तर देशाच्या रकान्याला हात लावू नका. तो दोष नाही. देश चुकल्याने हरवलेलं नेटवर्क कितीही थांबलं तरी येत नाही.

रकाना उलट बाजूनेही चुकतो. मुख्य राउटरवरच भलता देश असला, तर तो असा चॅनेल धरू शकतो जो घरातल्या काही यंत्रांच्या यादीत नाही. मग फोनवर नेट आहे, टीव्हीवर नाही, जुन्या लॅपटॉपवर नाही. शिवाय बीकनमध्ये देशाचं नावही जातं. मॅकसारखे संगणक आसपासच्या बीकनमधलं देशाचं नाव वाचून आपली यादी ठरवतात. एका राउटरने चुकीचा देश घोषित केला की त्याचा उपद्रव घरापुरता राहत नाही. शेजारच्याच्या संगणकाने ते नाव आधी ऐकलं, तर त्याची यादीही बिघडते. मॅकवर ऑप्शन हे बटण दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की जोडलेल्या नेटवर्कचा चॅनेल आणि देशाचा संकेत दिसतो. तिथे `IN` सोडून दुसरं काही असेल, तर शोध तिथून सुरू करा.

म्हणूनच एक सल्ला मला मनापासून खटकतो. ‘देश बदल, ताकद वाढेल.’ दुसऱ्या देशाच्या मर्यादा सैल असतात म्हणून मुद्दाम तो देश निवडायला सांगणारे बरेच भेटतात. यात दोन चुका आहेत. पहिली, कायद्याची. आपण जिथे आहोत तिथलाच नियम लागू होतो, रकान्यात काहीही लिहा. दुसरी, व्यवहाराची. राउटर जोरात बोलला तरी फोनची ताकद तेवढीच राहते. फोनवर दांड्या भरलेल्या दिसतील आणि फोनचं उत्तर राउटरपर्यंत पोचणार नाही, म्हणजे नेटवर्क ‘फुल’ आणि पान उघडत नाही. त्यातच चॅनेलची यादी बदलल्याने घरातलं एखादं यंत्र कायमचं आंधळं होतं. वाढलेल्या दांड्यांच्या बदल्यात हा सौदा करू नये.

आता मूळ भांडणाकडे येतो. यंत्राला हे ठाऊक नसतं असं नाही. ज्या राउटरवर किंवा संगणकावर लिनक्स चालतं, तिथे या दोन आज्ञा देऊन बघा.

```
iw reg get
iw list
```

पहिली आज्ञा सध्या कोणता देश लागू आहे ते सांगते. दुसरीच्या लांबलचक उत्तरात प्रत्येक चॅनेलची ओळ असते, आणि अमेरिका लागू असलेल्या यंत्रावर तिथे अशी ओळ सापडते.

```
* 2472 MHz [13] (disabled)
```

इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे. चॅनेल १३, बंद. ओपनडब्ल्यूआरटी घातलेल्या राउटरवर देश बदलायला तीन ओळी पुरतात. `radio0` हे पहिल्या रेडिओचं नाव, दुसऱ्यासाठी `radio1` वापरून तेच पुन्हा करायचं. दोन्ही रेडिओंवर देश एकच हवा.

```
uci set wireless.radio0.country='IN'
uci commit wireless
wifi reload
```

म्हणजे माहिती राउटरच्या पोटात असते, पण काकांसमोर जे पान येतं त्यावर ती आणलेली नसते. तिथे फक्त सापडलेल्या नेटवर्कची यादी असते आणि ती पूर्ण असल्यासारखी मांडलेली असते. जे यंत्र ठरावीक चॅनेलच ऐकतं, त्याने आपल्या यादीखाली एक ओळ लिहायला काय हरकत आहे? ‘लागू देश: अमेरिका. चॅनेल १२ आणि १३ तपासलेले नाहीत.’ ही एक ओळ असती, तर कोथरूडच्या घरात कोणी चालू रिपीटर भंगारात काढायला सांगितला नसता. उत्पादकांनी ही ओळ द्यावी. बंद ठेवलेला चॅनेल उघडा असं मी म्हणत नाही, नियम पाळायचेच आहेत. पण काय तपासलं नाही, ते सांगा.

तोवर काम आपल्याला आणि घरी येणाऱ्या तंत्रज्ञाला करायचं आहे. नेटवर्क एका यंत्रावर दिसतं आणि दुसऱ्यावर नाही, अशी तक्रार आली की क्रम असा ठेवा. आधी मुख्य राउटरचा सध्याचा चॅनेल वाचा. तो १२ किंवा १३ असेल, किंवा ५ गिगाहर्ट्झमध्ये ४८ च्या वर असेल, तर तात्पुरता ६ आणि ३६ वर आणा आणि पुन्हा शोध घ्या. नेटवर्क दिसलं, तर दोन्ही राउटरांचा देश तपासा, चुकीचा असेल तर भारत करा, फर्मवेअर नवं आहे का बघा. देश बदलता येत नसेल, तर तेच चॅनेल कायम करून टाका. नेटवर्क तरीही दिसलं नाही, तर मग अंतर, भिंत आणि यंत्राचा बिघाड यांच्याकडे वळा. ‘नवीन घ्या’ हे वाक्य या सगळ्याच्या नंतर येतं. राउटर नवा आणला आणि त्यातही देशाचा रकाना न बघता ‘सेव्ह’ दाबलं, तर पैसे जातील आणि नेटवर्क हरवलेलंच राहील.